उशिरा आलेल्या मालाची एलडी बिलातून कापताना: हिशोब कसा मांडावा, पत्र कसं लिहावं

सप्लायरचं शेवटचं बिल मंजुरीला आलं की अकाउंट्सकडून प्रश्न येतो, माल उशिरा आला होता ना, मग किती कापायचे? कोणीतरी घाईत आकडा काढतं आणि सप्लायरला एका ओळीचा मेल जातो, ‘करारानुसार विलंब दंड वजा करून उरलेली रक्कम अदा केली आहे.’ कधी तेवढंही जात नाही. बँकेत पैसे कमी जमा झाले की सप्लायरला कपात कळते, आणि तिथून पत्रव्यवहार सुरू होतो.

उशीर झाला की नाही, यावर हा पत्रव्यवहार सहसा नसतो. ते दोघांनाही माहीत असतं. भांडण असतं ते किती दिवस, कशाच्या किमतीवर आणि कुठल्या कलमाखाली, या तीन गोष्टींचं. या तिन्हींची उत्तरं कागदपत्रांसह देणारं पत्र दीड पानात बसतं. ते लिहायला फार वेळ लागत नाही, वेळ लागतो तो त्याआधीच्या कामाला. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या कामावर आहे आणि पत्राचा नमुना शेवटाकडे आहे.

उशिराची भरपाई किती, हे करारातच आधी ठरवून ठेवलेलं असतं. त्या रकमेला खरेदी विभागात सगळे ‘एलडी’ म्हणतात, म्हणजे लिक्विडेटेड डॅमेजेस. कुठल्या करारात ‘विलंब शुल्क’ असतं, कुठे ‘विलंब भरपाई’. पत्रात कराराचाच शब्द वापरा. करारात ‘भरपाई’ असताना आपण रागाच्या भरात ‘दंड’ लिहिलं, तर ही रक्कम शिक्षा म्हणून लावली आहे असं म्हणायला समोरच्याला आयतीच संधी मिळते.

हाताशी एक प्रकरण घेऊ

एका खरेदीदाराने २४ कंट्रोल पॅनेल मागवले. दर नगाला ५०,००० म्हणजे कराराची किंमत करांशिवाय १२,००,०००. चलन कुठलंही धरा, हिशोब बदलत नाही. माल खरेदीदाराच्या साइटवर पोहोचवायचा होता आणि मुदत होती १० मार्च २०२५. १० नग वेळेत आले, ९ नग २ एप्रिलला आले, उरलेले ५ नग २९ एप्रिलला.

करारातली चार कलमं आपल्या कामाची आहेत. कलम ६.३ म्हणतं की सप्लायरने ड्रॉइंग पाठवल्यावर खरेदीदाराने ७ दिवसांत मंजुरी द्यावी, त्याहून जास्त लागतील तेवढे दिवस मुदत वाढेल. कलम १४.२ म्हणतं की उशिरा आलेल्या मालाच्या करांशिवायच्या किमतीवर, उशिराच्या प्रत्येक पूर्ण आठवड्यामागे ०.५ टक्के विलंब भरपाई लागेल आणि एकूण भरपाई कराराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपलीकडे जाणार नाही. कलम १५.१ प्रमाणे खरेदीदार ७ दिवसांची लेखी सूचना देऊन या कराराखालच्या कुठल्याही देय रकमेतून ती वजा करू शकतो. कलम १८ आवाक्याबाहेरच्या घटनांबद्दल आहे आणि अशी घटना १० दिवसांत लेखी कळवण्याची अट त्यात आहे.

अकाउंट्समध्ये पहिला आकडा निघाला तो ५२,८०० चा. पूर्ण ऑर्डरची किंमत, त्यावर १० टक्के कर धरून १३,२०,०००, त्याचे ०.५ टक्के, आणि १० मार्चपासून स्टोअरच्या शेवटच्या नोंदीपर्यंत, अर्धवट आठवडाही पूर्ण धरून, ८ आठवडे. बरोबर आकडा १२,००० आहे. इतका फरक पडला, पण गुणाकारात एकही चूक नाही. जे चुकलं ते सगळं गुणाकाराच्या आधी चुकलं.

पायरी पहिली: मुदत खरंच कोणती होती ते ठरवा

ऑर्डरवरची तारीख ही फक्त सुरुवात. त्यानंतर ऑर्डरमध्ये बदल झाला का, खरेदीदाराने काही द्यायचं होतं ते वेळेवर दिलं का, तपासणीला माणूस वेळेवर पाठवला का, अ‍ॅडव्हान्स ठरल्या दिवशी गेला का, हे बघायचं. सप्लायर हेच आधी शोधणार आहे, तेव्हा आपणच आधी शोधलेलं बरं.

आपल्या प्रकरणात ड्रॉइंग मंजूर करायला ७ ऐवजी ११ दिवस लागले होते. ते ४ दिवस कलम ६.३ प्रमाणे सप्लायरचे, म्हणून मुदत १४ मार्च झाली. सप्लायरने ही वाढ मागितलेली नव्हती, तरी ती द्यावी. काही करारांत वाढ मागण्यासाठी अर्जाची अट असते आणि तिच्यावर बोट ठेवून वाढ नाकारता येते, पण इथे कलमात तशी अट नाही. शिवाय आपल्यामुळे झालेला उशीर आपणच मोजून वजा केला की बाकी हिशोबाला वजन येतं.

करारात मुदतवाढीची तरतूदच नसेल आणि उशिराचा काही भाग खरेदीदारामुळे झाला असेल, तर प्रकरण नाजूक होतं. इंग्लिश कायद्याच्या परंपरेत अशा वेळी मूळ तारीखच गळून पडू शकते आणि तिच्यावर बेतलेली एलडीही. तारीख नसेल तर उशीर कुठून मोजणार? असं दिसलं तर पत्र पाठवण्याआधी वकिलाला कागद दाखवा.

पायरी दुसरी: माल कधी आला, कुठला कागद सांगतो?

स्टोअरची माल-पावती नोंद, म्हणजे जीआरएन, हा अकाउंट्सचा लाडका कागद. सिस्टिममध्ये तोच दिसतो. पण जीआरएन माल उतरवून, मोजून, कधी तपासून झाल्यावर बनते. सप्लायरची जबाबदारी त्याच्या आधीच संपलेली असू शकते.

नेमकी कधी संपते, हे कराराच्या डिलिव्हरीच्या अटीवर ठरतं. इन्कोटर्म्स २०२० मधली डीएपी अट असेल तर ठरलेल्या ठिकाणी माल उतरवण्याच्या तयारीत पोहोचला की डिलिव्हरी झाली. एफसीए असेल तर माल खरेदीदाराने नेमलेल्या वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की झाली, मग वाटेत ट्रक दहा दिवस अडकला तरी ते दिवस सप्लायरच्या खात्यावर येत नाहीत. सीआयएफसारख्या समुद्री अटीत तर माल जहाजावर चढला की डिलिव्हरी होते, भाडं सप्लायरने भरलेलं असलं तरी. भाडं कोण भरतं यावरून डिलिव्हरीचा दिवस ठरवणं ही नेहमीची गफलत आहे.

आपला करार साइटवर पोहोचवण्याचा आहे. शेवटचा ट्रक २९ एप्रिलला गेटवर आला, सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये वेळ आहे आणि चलानवर शिक्काही. जीआरएन मात्र २ मेची. १५ मार्चपासून २९ एप्रिलपर्यंत ४६ दिवस होतात, म्हणजे ६ पूर्ण आठवडे आणि ४ दिवस. २ मे धरली तर बरोबर ४९ दिवस, ७ आठवडे. स्टोअरने कागद करायला घेतलेल्या तीन दिवसांचा एक आख्खा आठवडा सप्लायरच्या माथी बसला असता. त्याच्याकडे शिक्क्याचं चलान आहे, आणि ते त्याने पुढे केलं की पत्रातल्या इतर आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

दिवस मोजताना मुदतीचा शेवटचा दिवस सप्लायरचा धरा. १४ मार्चला माल आला असता तर तो वेळेत होता, म्हणून पहिला उशिराचा दिवस १५ मार्च. दुसऱ्या लॉटसाठी १५ मार्च ते २ एप्रिल असे १९ दिवस होतात, म्हणजे २ पूर्ण आठवडे आणि ५ दिवस.

इथे कलमातला एक शब्द पैसे हलवतो. ‘प्रत्येक पूर्ण आठवडा’ असेल तर वरचे ५ दिवस सोडायचे. ‘आठवडा किंवा त्याचा भाग’ असेल तर ते ५ दिवसही एक आठवडा होतात. आपल्या कलमात ‘पूर्ण’ आहे, तेव्हा २ आणि ६ आठवडे. मागच्या कराराच्या आठवणीवर इथे विसंबू नका, दर वेळी कलम उघडून वाचा.

पायरी तिसरी: टक्का कशावर?

‘उशिरा आलेल्या मालाच्या किमतीवर’ आणि ‘कराराच्या किमतीवर’ यांत आपल्या प्रकरणात लाखांचं अंतर आहे. कलम १४.२ पहिलं म्हणतं. म्हणून वेळेत आलेले १० नग हिशोबात येतच नाहीत, आणि दोन उशिराचे लॉट वेगवेगळे मोजायचे, कारण त्यांचा उशीर वेगवेगळा आहे.

खरेदी विभाग इथे एक युक्तिवाद करतो आणि तो पोकळ नसतो: सगळे पॅनेल आल्याशिवाय लाइन सुरूच होत नव्हती, मग आधी आलेल्या १० नगांचा उपयोग काय? काही करारांत याची तरतूद असते. तिथे टक्का त्या सगळ्या मालावर लागतो जो उशिरामुळे वापरता आला नाही. आपल्या कलमात ते शब्द नाहीत आणि पत्रातून ते आणता येत नाहीत. पुढच्या ऑर्डरमध्ये घालून घ्या.

कर सोडून द्यायचे, कारण कलम तसं म्हणतं. कलम गप्प असेल तरी करांशिवायची किंमतच धरावी असं माझं मत आहे. कर सप्लायरच्या खिशात राहत नाही, त्यावर टक्का लावणं टिकवायला अवघड जातं.

आता गुणाकार. ९ नगांची किंमत ४,५०,०००, त्याचे ०.५ टक्के म्हणजे आठवड्याला २,२५०, दोन आठवड्यांचे ४,५००. ५ नगांची किंमत २,५०,०००, आठवड्याला १,२५०, सहा आठवड्यांचे ७,५००. एकूण १२,०००. कमाल मर्यादा १२,००,००० च्या ५ टक्के, म्हणजे ६०,०००. आपण तिच्या बरेच आत आहोत, तरी पत्रात मर्यादेची ओळ ठेवायचीच. ती नसेल तर हिशोब अर्धवट वाटतो, आणि ती आहे म्हणजे कलम पूर्ण वाचलं आहे हे दिसतं.

आणखी एक मोह आवरायचा. लाइन उशिरा सुरू झाल्यामुळे भाड्याचा जनरेटर ठेवावा लागला, माणसं बसून राहिली, हे सगळं खरं असेल. पण उशिराच्या नुकसानीचा आकडा एलडीने आधीच ठरवलेला असतो. त्याच उशिरासाठी एलडीही आणि प्रत्यक्ष खर्चही, असं दोन्ही मागण्याची मुभा करारात स्पष्ट असेल तरच मागता येतं. जनरेटरचं बिल पत्राला जोडलं की सप्लायर विचारतो, भरपाई नक्की कुठली मागताय?

पायरी चौथी: हक्क राखून ठेवला होता का?

माझ्या मते या सगळ्या कामात हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि कपातीची वेळ येईपर्यंत तो बहुधा हातातून गेलेला असतो. उशिरा आलेला माल आपण काही न बोलता स्वीकारला, तर भरपाईचा हक्क शिल्लक राहतो का?

अनेक कायद्यांचं उत्तर खरेदीदाराला आवडणारं नाही. जर्मन नागरी संहितेचं कलम ३४१ म्हणतं की ठरलेला दंड हवा असेल तर माल स्वीकारतानाच तो हक्क राखून ठेवायला हवा. भारताच्या १८७२ च्या करार कायद्यात कलम ५५ आहे. वेळ हा कराराचा गाभा असताना मुदतीनंतर दिलेली पूर्तता स्वीकारली, तर उशिराच्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही. मात्र स्वीकारतानाच तशी नोटीस दिली असेल तर येते. दोन वेगळ्या कायदापरंपरा, पण सांगणं एकच आहे: बोलायचं ते माल घेतानाच बोला. करारात याहून वेगळं ठरलेलं असू शकतं, तेव्हा आधी करार बघा.

प्रत्यक्षात हे काम दोन वाक्यांचं आहे. उशिराचा प्रत्येक लॉट आला की त्याच दिवशी मेल करायचा: ‘९ नग आज मुदतीनंतर मिळाले. कलम १४.२ खालचा विलंब भरपाईचा आमचा हक्क राखून हा माल स्वीकारत आहोत.’ आपल्या प्रकरणात २ एप्रिल आणि २९ एप्रिल, दोन्ही दिवशी असे मेल गेले होते. दुसऱ्या लॉटचं बिल नंतर पूर्ण चुकतं झालं, पण तेव्हाही हीच ओळ पेमेंटच्या सूचनेत होती. म्हणून आता दोन्ही लॉटची भरपाई शेवटच्या बिलातून घेता येते. ती ओळ नसती, तर पूर्ण पैसे देणं म्हणजे एलडी सोडून देणंच, असं सप्लायर म्हणाला असता.

असे मेल गेलेले नसतील तर मागच्या तारखेचा कागद बनवू नका. मेलची वेळ लपत नाही. मुदत उलटल्यावरची इतर पत्रं बघा. त्यांत कुठे एलडीचा उल्लेख असेल तर तो पुढे करा. काहीच नसेल तर कपात करण्याआधी सल्ला घ्या, किंवा सप्लायरशी बोलून रक्कम ठरवा.

मुदत संपल्यावर खरेदी विभाग नवी तारीख देतो, तिथेही हीच खबरदारी. ‘३० एप्रिलपर्यंत पाठवा’ एवढंच लिहिलं तर तीच नवी मुदत झाली असा अर्थ निघू शकतो. ‘विलंब भरपाईच्या हक्काला बाधा न येता’ हे शब्द त्यात हवेत.

पायरी पाचवी: वजा करण्याचा अधिकार वेगळा शोधा

एलडी मिळण्याचा हक्क आणि ती बिलातून परस्पर वजा करण्याचा हक्क, या दोन वेगळ्या गोष्टी. पहिला कलम १४.२ देतं, दुसरा १५.१. काही करारांत पहिला असतो आणि दुसऱ्याबद्दल अवाक्षर नसतं, किंवा उलट ‘बिलाची रक्कम कुठल्याही कपातीशिवाय द्यावी’ असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर एलडीची वेगळी मागणी करायची आणि बिल पूर्ण द्यायचं, नाहीतर उशिरा पैसे दिल्याचं व्याज आपल्यावर लागू शकतं.

तीन बाबी तपासा. कपात कुठल्या बिलातून करता येते: त्याच मालाच्या, त्याच कराराच्या, की त्या सप्लायरच्या कुठल्याही? आधी सूचना किती दिवसांची? आणि दावा करण्याची अंतिम मुदत आहे का? डिलिव्हरीची तारीख उलटल्यापासून अमुक महिन्यांत लेखी दावा केला नाही तर एलडीचा हक्क जातो, अशी अट काही नमुना करारांत असते.

आपलं शेवटचं बिल ३० एप्रिलचं, ५ नगांचं: २,५०,००० आणि कर २५,०००, एकूण २,७५,०००. ते ३० मेपर्यंत द्यायचं आहे. पत्र १२ मेला गेलं की ७ दिवसांची सूचना आरामात बसते आणि सप्लायरला हिशोब तपासायला वेळही मिळतो.

वहीत ही कपात बिलाच्या खाली वेगळी ओळ म्हणून दाखवा. सप्लायरच्या बिलावर पेनने रक्कम बदलू नका आणि कर स्वतःच कमी करू नका. एलडीमुळे मालाची किंमत कमी झाली असं धरायचं, की ती स्वतंत्र भरपाई समजायची, यावर करांचा परिणाम बदलतो आणि देशोदेशी नियम वेगळे आहेत. सप्लायरने क्रेडिट नोट द्यायची की आपण डेबिट नोट काढायची, हे त्यावरच ठरेल. कर-सल्लागाराला हा एकच प्रश्न विचारून घ्या.

पायरी सहावी: पत्र

पत्र करारात नोटिशीसाठी दिलेल्या पत्त्यावर आणि पद्धतीनेच पाठवा. रोज फोनवर बोलणाऱ्या सेल्सच्या माणसाला केलेला मेल नोटीस ठरेलच असं नाही. त्याला प्रत द्या, मूळ पत्र ठरल्या जागी जाऊ द्या.

कलम शब्दशः उतरवा. सारांश दिला की सारांशावर वाद होतो. सप्लायरने उशिराचं जे कारण आधी लेखी दिलं असेल, त्याला पत्रातच उत्तर द्या. आपल्या प्रकरणात त्याने २० मार्चला कळवलं होतं की आयात केलेले रिले वेळेवर आले नाहीत. तिथे दोन गोष्टी बघायच्या: हे कारण कलम १८ मध्ये बसतं का, आणि त्या कलमाप्रमाणे १० दिवसांत कळवलं होतं का. रिले रखडल्याचं त्याच्याच पत्राप्रमाणे २४ फेब्रुवारीला समजलं होतं. म्हणजे दोन्ही कसोट्यांवर ते टिकत नाही, आणि हे दोन वाक्यांत शांतपणे लिहिता येतं.

भाषा कोरडी ठेवा. ‘तुमच्या निष्काळजीपणामुळे’, ‘वारंवार सांगूनही’ असले शब्द एक पैसाही वाढवत नाहीत, उलट उत्तर देणाऱ्याला आकडे सोडून शब्दांवर बोलायला जागा देतात. पत्र असं होईल:

> दिनांक: १२ मे २०२५
>
> प्रति: [करारातील नोटिशीसाठी नेमलेली व्यक्ती व पत्ता]
>
> विषय: खरेदी आदेश क्र. [ ], दिनांक [ ], कलम १४.२ अन्वये विलंब भरपाई आणि कलम १५.१ अन्वये आपल्या दि. ३० एप्रिल २०२५ च्या बिल क्र. [ ] मधून वजावटीची सूचना
>
> महोदय / महोदया,
>
> वरील आदेशानुसार २४ कंट्रोल पॅनेल दि. १० मार्च २०२५ पर्यंत आमच्या साइटवर पोहोचणे अपेक्षित होते. ड्रॉइंगला मंजुरी देण्यास आमच्याकडून ४ दिवस अधिक लागले. कलम ६.३ नुसार ते दिवस धरून डिलिव्हरीची मुदत १४ मार्च २०२५ अशी मानली आहे.
>
> १० नग मुदतीत मिळाले. ९ नग २ एप्रिल रोजी आणि ५ नग २९ एप्रिल रोजी साइटवर पोहोचले. दोन्ही वेळी आम्ही विलंब भरपाईचा हक्क राखून माल स्वीकारल्याचे त्याच दिवशी ई-मेलने कळवले होते (जोडपत्र १).
>
> कराराचे कलम १४.२ असे आहे: “[कलमाचा संपूर्ण मजकूर जसाच्या तसा]”
>
> त्यानुसार हिशोब:
>
> | लॉट | करांशिवाय किंमत | उशिराचा काळ | दिवस | पूर्ण आठवडे | ०.५% दराने रक्कम |
> |---|---|---|---|---|---|
> | ९ नग | ४,५०,००० | १५ मार्च ते २ एप्रिल | १९ | २ | ४,५०० |
> | ५ नग | २,५०,००० | १५ मार्च ते २९ एप्रिल | ४६ | ६ | ७,५०० |
> | एकूण | | | | | १२,००० |
>
> कलम १४.२ मधील कमाल मर्यादा (१२,००,००० च्या ५%) ६०,००० असून वरील रक्कम त्या मर्यादेत आहे. डिलिव्हरीच्या तारखा आपल्या चलानांवरील आमच्या गेटच्या शिक्क्यांनुसार घेतल्या आहेत (जोडपत्र २).
>
> दि. २० मार्चच्या पत्रात आपण रिले उशिरा मिळाल्याचे कळवले होते. आपल्या उप-पुरवठादाराकडून झालेला उशीर कलम १८ मधील घटनांमध्ये मोडत नाही. तसेच आपल्याच पत्रानुसार ही अडचण २४ फेब्रुवारीला समजली होती आणि सूचना १० दिवसांच्या मुदतीनंतर मिळाली. त्यामुळे या कारणास्तव मुदतवाढ धरलेली नाही.
>
> कलम १५.१ नुसार वरील रक्कम पुढीलप्रमाणे वजा करण्यात येईल:
>
> बिलाची रक्कम (करांसह): २,७५,०००
> वजा विलंब भरपाई: १२,०००
> देय रक्कम: २,६३,०००
>
> ही रक्कम दि. ३० मे २०२५ रोजी अदा केली जाईल. हिशोबातील एखादी तारीख, किंमत किंवा दिवसांची संख्या आपल्या नोंदींशी जुळत नसल्यास संबंधित कागदपत्रांसह दि. २२ मेपर्यंत कळवावे. हिशोब मान्य असल्यास आपल्या नोंदींसाठी आवश्यक तो दस्तऐवज कोणत्या स्वरूपात द्यावयाचा, याबाबत आमच्या लेखा विभागाशी संपर्क साधावा.
>
> ही वजावट केवळ डिलिव्हरीतील विलंबापुरती आहे. मालाचा दर्जा, वॉरंटी व कराराखालील आमचे अन्य हक्क अबाधित आहेत.
>
> आपला / आपली,
> [करारानुसार अधिकृत व्यक्तीची सही, नाव, पद]

कलम १८ मध्ये उप-पुरवठादाराच्या अडचणीही घातलेल्या असतील, तर पत्रातलं उप-पुरवठादाराच्या उशिराबद्दलचं वाक्य खोटं ठरेल. नमुना उतरवण्याआधी तेवढं आपल्या करारात बघून घ्या. पत्राला जोडपत्रं दोनच पुरतात. पूर्ण करार आणि तीसभर मेल जोडले की वाचणारा पहिल्या पानावरच थांबतो.

पायरी सातवी: उत्तर आल्यावर

सप्लायरने चलान दाखवून एखादी तारीख चुकीची आहे म्हटलं आणि ते खरं निघालं, तर सुधारित तक्ता पाठवा आणि ‘१२ मेच्या पत्रातील हिशोबाऐवजी हा हिशोब धरावा’ असं लिहा. दोन तक्ते फिरत राहिले तर पुढे ऑडिटमध्ये कोणता खरा हे कोणालाच सांगता येत नाही.

‘तुमचं नुकसान झालंच कुठे?’ हा दुसरा नेहमीचा प्रश्न. एलडीचा हेतूच असा की नुकसानीचा पैसा न् पैसा सिद्ध करत बसावं लागू नये. पण तिला मोकळं रान आहे, असंही नाही. इंग्लंडमध्ये २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेंडिश प्रकरणात कसोटी घातली ती अशी की ठरलेली रक्कम भरपाई मागणाऱ्याच्या न्याय्य हिताच्या मानाने अगदीच अवाच्या सवा आहे का. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. फ्रान्समध्ये न्यायाधीश उघडपणे जास्त असलेली रक्कम कमी करू शकतो. म्हणून लाइन किती दिवस थांबली, त्या दिवसांत काय खर्च झाला, याची नोंद फाइलमध्ये असू द्या. ती पत्राला जोडायची नाही. प्रश्न पुढे गेलाच तर आठवड्याला अर्धा टक्का का वाजवी आहे, हे सांगायला ती उपयोगी पडेल.

तिसरी शक्यता तडजोडीची. सप्लायर चांगला आहे, पुढेही त्याच्याकडून माल घ्यायचा आहे आणि वरिष्ठांनी अर्धी एलडी सोडायचं ठरवलं, असं होतं. मग सोडलेली रक्कम आकड्यात लिहा, ती या ऑर्डरपुरतीच असल्याचं लिहा आणि कलम १४.२ पुढच्या पुरवठ्यांना पूर्ण लागू राहील, हेही लिहा. ज्याच्या सहीने कपातीचं पत्र गेलं त्याच्याच किंवा त्याच्या वरच्याच सहीने ही सूट जायला हवी. फोनवर दिलेली सूट पुढच्या ऑर्डरच्या वेळी प्रथा म्हणून परत येते.

२२ मेपर्यंत काहीच उत्तर आलं नाही, तर ३० मेला २,६३,००० पाठवा आणि पेमेंटच्या सूचनेत बिलाचा क्रमांक, १२,००० ची वजावट आणि १२ मेच्या पत्राचा संदर्भ, तिन्ही लिहा. सप्लायरच्या अकाउंट्समध्ये पैसे जुळवणाऱ्या माणसापर्यंत आपलं पत्र पोहोचलेलं नसतं, त्याला ही एक ओळच दिसते.